काउंटरवर चॉकलेटं ठेवून गल्ला का वाढत नाही?

प्रश्न : तालुक्याच्या गावात आमचं ९०० चौरस फुटांचं छोटं सुपरमार्केट आहे. गिऱ्हाईक यादी घेऊन येतं आणि तेवढंच नेतं. काउंटरवर चॉकलेटं, गोळ्या ठेवून पाहिल्या, फार फरक नाही. मांडणीत काय बदलू?

उत्तर :

आधी एक दिवस नुसतं बघा, रॅकवरून माल कोण उचलतं? तालुक्याच्या गावात बहुतेक दुकानांत बाई यादी दुकानातल्या पोराच्या हातात देते आणि स्वतः काउंटरपाशी उभी राहते. पोरगा आत फिरतो, माल आणून ठेवतो. असं असेल तर आतली मांडणी कितीही बदला, ती बघायला गिऱ्हाईक आत जातंच कुठे? अशा वेळी पोराला एवढंच म्हणायला सांगा, "ताई, बास्केट घ्या, बाकीचं बघा, डाळ-तांदूळ मी काढून देतो." सुटा माल वजन होईपर्यंतची दहा मिनिटं ती दुकानात फिरते. बास्केटचा ढीग फक्त दाराशी नको, मधल्या रॅकच्या टोकालाही चार बास्केट ठेवा. दारातून "दोनच वस्तू घ्यायच्यात" म्हणून रिकाम्या हाताने आलेला माणूस हात भरले की घेणं थांबवतो.

आता चॉकलेटं. हिशोब मांडून बघा. समजा दिवसाला १८० बिलं होतात आणि काउंटरवरच्या मालामुळे शंभरातल्या सहा बिलांत एक वस्तू वाढली. म्हणजे रोजच्या ११ वस्तू. वीस रुपयांचं ब्रँडेड चॉकलेट आणि त्यावर दहा टक्के सुटत असतील, तर दिवसाला २२ रुपये. त्याच जागी साठ रुपयांची चिक्की किंवा गावातल्याच भट्टीवाल्याची खारी ठेवली, त्यावर २५ टक्के सुटले आणि तेवढीच पाकिटं गेली, तर १६५ रुपये. साठाची वस्तू वीसच्या वस्तूइतकी जाणार नाही हे खरं, पण दोनच पाकिटं गेली तरी तीस रुपये होतात. शिवाय एप्रिल-मे महिन्यात एसी नसलेल्या दुकानात चॉकलेट मऊ होतं, वरून पांढरं पडतं आणि परत घ्यायला डिस्ट्रिब्युटर कुरकुरतो.

काउंटरची मांडणी मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूने करा. बऱ्याच ठिकाणी हँगर आणि बरण्या कॅशियरच्या तोंडाकडे असतात, उभ्या माणसाला त्यांची पाठ दिसते. किंमत मोठी आणि लांबून वाचता येईल अशी लिहा, विचारावं लागलं की हात मागे जातो. ब्लेड, बॅटरी, डिओ असा लहान पण महाग माल काउंटरवरच, पण कॅशियरच्या नजरेत.

माझ्या मते खरी कमाई काउंटरवर नाही, ती यादीतल्या वस्तूच्या शेजारी आहे. पोह्यांचा रॅक घ्या. पोहे यादीत असतात, बारीक शेव नसते. शेव फरसाणाच्या रॅकवर दुकानाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर पोहे घेताना ती आठवत नाही. पोह्यांच्या फळीच्या कडेला छातीच्या उंचीवर हुकांची एक पट्टी लावा आणि तिच्यावर शेवेची छोटी पाकिटं अडकवा, फक्त शेवेची. तिथेच शेंगदाणे, मसाला, लोणचं असं सगळं टांगलं की ती पट्टी अडगळ होते आणि नजर तिच्यावरून निघून जाते. चहा पावडरीपाशी टोस्ट, कपड्यांच्या साबणापाशी ब्रश, याच धर्तीवर. मुख्य जागेवरची शेव काढायची नाही, ही पाकिटं जादा. मात्र पट्टी वाटेत येऊ देऊ नका. दोन रॅकमध्ये साडेतीन फूट तरी मोकळे हवेत. मागून येणाऱ्याचा धक्का लागायला लागला की बायका खालच्या फळीकडे वाकत नाहीत, पुढे निघून जातात.

कंपनीचा सेल्समन फुकट रॅक देतो आणि त्यात फक्त त्यांचाच माल ठेवायची अट घालतो. नाही म्हणा असं मी म्हणत नाही. पण तो रॅक काउंटरशेजारची जागा मागत असेल, तर कंपनी डिस्प्लेचे जे पैसे देईल ते आणि वर काढलेले दिवसाचे १६५ रुपये शेजारी शेजारी लिहून बघा.

फरक पडला की नाही हे एकूण विक्रीवरून कळणार नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमधून आयटमवार रिपोर्ट काढा आणि पोह्यांच्या किती बिलांत शेव आहे ते मोजा. एका वेळी एकच बदल करा. महिन्याच्या पहिल्या आठवड्याची तुलना पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याशीच करा, कारण पगाराच्या आठवड्यात सगळंच जास्त खपतं. बाजारचा दिवस वेगळा धरा. गणपती-दिवाळीचे आठवडे हिशोबात घेऊच नका. रोजचं गिऱ्हाईक तीच वस्तू त्याच जागी बघून बघून सरावतं, तेव्हा पट्टीवरचा आकडा खाली यायला लागला की वस्तू बदला, पट्टी तशीच राहू द्या.