उपहार नको, उपाहार हवा

*प्रश्न: कवळ्याला नवीन घर बांधलंय, वास्तुशांत आहे. घरच्यांच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर निमंत्रण टाकायचंय. शेवटी ‘उपहार आणू नये’ लिहू की ‘आहेर आणू नये’? रस्ता, गाड्या, वेळ हेही त्याच मेसेजात बसवायचंय.*

‘आहेर’ लिहा. ‘उपहार’ म्हणजे भेट हे बरोबरच आहे, पण त्या शब्दाची आपण पार वाट लावून ठेवली आहे. वर ‘सकाळी ९ वाजता उपहार’ आणि खाली ‘कृपया उपहार नको’ अशी निमंत्रणं सर्रास फिरतात. मग पाहुण्याने पोहे खायचे की नाहीत?

खायचा तो उपाहार: उप अधिक आहार, म्हणजे जेवणाहून हलकं खाणं. द्यायचा तो उपहार: उप अधिक हार, जवळ नेऊन दिलेली वस्तू. फरक एका कान्याचा. पाट्यांवर ‘उपहारगृह’ रंगवतात म्हणून ते रूढ झालं, आता चालवून घ्या, असं सांगणारे जाणकार आहेत. त्यांनी खुशाल चालवावं. एकाच निमंत्रणात दोन्ही अर्थ आले की त्यांचीही पंचाईत होते.

गंमत पुढेच आहे. दोन्ही शब्द ‘हृ’ या एकाच धातूचे, म्हणजे नेणं, आणणं. ‘आहार’ म्हणजे सुद्धा मुळात जवळ आणणं. विहार, प्रहार, परिहार हे सगळे त्याच घरचे. माझा तर्क असा की आपला ‘आहेर’ही याच ‘आ + हृ’मधून आला: पाहुण्याने आणलेलं ते आहेर. काहीजण यमक जुळतं म्हणून त्याला ‘माहेर’शी जोडतात. माहेर म्हणजे मातृगृह, त्यातलं ‘हेर’ हे घर आहे. आहेरात कुणाचं घर दडलंय ते त्यांनी एकदा दाखवावं. कोशांत ‘अहेर’ही सापडतं, पण मी ‘आ’ सोडणार नाही.

‘भेटवस्तू आणू नये’ मात्र टाळाच. पाकीट ही वस्तू नव्हे, अशी पळवाट लोक काढतात. आहेरात पैसे, कापड, वस्तू सगळं येतं. ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ हे ऐकायला गोड, पण त्यात नको असं कुठेच म्हटलेलं नाही. ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ सरकारी नोटिशीसारखं वाटतं. रिकाम्या हाताने नव्या घरात जाऊ नये असं मानणारी वडीलधारी माणसं नारळ आणणारच, तेव्हा तेवढी मोकळीक लिहूनच द्या.

वेळेचं म्हणाल तर ‘वास्तुशांत सकाळी ८’ एवढंच लिहिलं की अर्धे लोक होमाला येऊन धुरात बसतात आणि उरलेले जेवायला कधी यायचं ते ग्रुपवर विचारत राहतात. विधीची वेळ वेगळी, जेवणाची वेगळी लिहा. ‘वास्तू’ एकटी असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व: वास्तुशांत.

रस्ता सांगताना नुसतं ‘डावीकडे वळा’ नको. फोंड्याहून येणाऱ्याच्या डाव्या हाताचं वळण बोरी पुलाकडून येणाऱ्याच्या उजव्या हाताला पडतं. आधी कुठून येताना ते लिहा, मग हात. लोकेशन द्यालच, पण ते दारात न टाकता गाड्या लावायच्या जागेवर टाका. पाणंदीत समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाला रस्त्यापर्यंत मागे जावं लागतं आणि पाठोपाठ आलेले सगळेच अडकतात. ‘पार्किंगची सोय आहे’ याने काही कळत नाही. चारचाकी कुठे, दुचाकी कुठे, तिथून किती चालायचं, हे हवं.

कंसातलं तुम्ही भरा:

> सप्रेम नमस्कार. (वार, तारीख) रोजी कवळे येथे आमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे.
> धार्मिक विधी सकाळी ८ पासून. ज्यांना जमेल त्यांनी विधीला यावं, उपाहाराची सोय आहे.
> तीर्थप्रसाद व जेवण दुपारी १२.३० ते ३. सर्वांनी सहकुटुंब यावं.
> रस्ता: फोंड्याहून येताना (खूण) पासून (डाव्या/उजव्या) हाताला; मडगावहून बोरी पुलावरून येताना त्याच खुणेपासून (दुसऱ्या) हाताला.
> गाड्या: चारचाकी (जागा) इथे लावाव्यात, तिथून घर चालत (किती) मिनिटं. पाणंदीत चारचाकी आणू नये. दुचाकी अंगणात. चालणं जमत नसलेल्यांना दारापर्यंत सोडण्यासाठी फोन करावा: (नंबर).
> कृपया आहेर आणू नये. नारळ किंवा दारची फुलं आणल्यास आनंदच.

‘दारची’ शब्द गाळू नका, नाहीतर सेलोफेनमधले पुष्पगुच्छ येतील. आणि पाठवण्याआधी ‘उपाहारा’तला काना तपासा. फोन तो आपणहून खातो.