इसार देऊन पळालेला व्यापारी अन् भरपाईचा हिशोब

प्रश्न: व्यापाऱ्याने इसार देऊन संत्र्याचा माल नेलाच नाही. पैसे न आल्याने पोराची फी राहिली, ॲडमिशन गेली. हे नुकसान पण मागता येते का?

ॲडमिशनचं नाही मिळणार भाऊ, सरळ सांगतो. भावातला फरक मिळतो, अन् तो सोडायचा नाही.

वरूड तालुक्यात आमचा बगीचा आहे. आंबियाचा सौदा झाडावरच ६ लाखाला झाला होता, इसार ५० हजार, तोड व्यापाऱ्याच्या मजुरांनी करायची असं चिठ्ठीवर लिहिलेलं. मग भाव पडले अन् तो फोनच उचलेना. मोठे भाऊ म्हणे मालाला हात लावू नको, गळू दे, कोर्टातून पूर्ण साडेपाच लाख काढू. आजही तेच म्हणतात. पण करार कायदा १८७२ च्या कलम ७३ मध्ये स्पष्ट आहे, नुकसान कमी करायचा जो मार्ग तुमच्या हातात होता तो हिशोबात धरतात. झाडावर माल सडवला तर ते नुकसान तुमचंच.

म्हणून मी वकिलाची नोटीस धाडली, मुदतीत तोड करा नाहीतर दुसऱ्याला विकून फरक तुमच्याकडून घेऊ. मुदत संपल्याबरोबर दोघातिघांचे भाव लिहून घेतले अन् ४ लाख २० हजाराला माल दिला. फरक १ लाख ८० हजार, तोडीची मजुरी आमच्यावर पडली ते ८ हजार, त्यातून इसाराचे ५० हजार वजा, म्हणून मागणी १ लाख ३८ हजार. तारखा पडत गेल्या अन् शेवटी तडजोडीत १ लाख २० हजार हातात आले.

भावाला बँकेचं व्याज अन् हुकलेला ट्रॅक्टरही त्यात लावायचा होता. ते चालत नाही. नुकसान एकतर अशा करारात नेहमी होणारं पाहिजे, नाहीतर सौदा करतानाच दोघांना माहीत असलेलं. कलमाखाली उदाहरणच आहे, एकाने ठरल्या दिवशी पैसे दिले नाही म्हणून दुसरा कर्जात बुडाला, तरी त्याला मुद्दल अन् व्याजच मिळतं. तुमच्या फीचं तसंच आहे. उलट आमच्या चिठ्ठीत '१५ डिसेंबरपर्यंत माल काढणे, पुढच्या बहारासाठी ताण द्यायचा आहे' असं होतं. फळं झाडावर राहून ताण चुकला असता अन् पुढचा बहार गेला असता तर तेवढ्यापुरतं मागायला आधार होता, कारण सौद्याच्या वेळीच त्याला ते माहीत होतं. नंतर फोनवर सांगितलेलं कामाचं नाही.

माल त्यालाच न्यायला लावा असा हुकूम कोर्टाकडून मागता येतो का, हेही लोक विचारतात. जमिनीच्या व्यवहारात ते शोभतं, संत्रा निकालापर्यंत झाडावर थांबत नाही, अन् एकदा दुसऱ्याला विकला की पैशाचाच दावा उरतो.

अन् हो, करार मोडल्यापासून ३ वर्षात दावा लावा. चिठ्ठी नसेल तर इसाराची बँक एंट्री अन् व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवा, तोंडी सौदाही चालतो पण सिद्ध करताना घाम निघतो.