माजी विद्यार्थी संघाच्या वार्तापत्राचं संपादकीय आटोपशीर कसं करावं?

प्रश्न: आमच्या माजी विद्यार्थी संघाचं वार्तापत्र मी काढतो. संपादकीय दर वेळी पसरट होतं आणि कुणाचा प्रतिसाद येत नाही. एकच विषय, चांगली सुरुवात आणि शेवटी आवाहन हे कसं जमवू?

उत्तर:
आमच्या शाळेच्या संघाचं वार्तापत्र मी काही वर्षं काढते आहे. मसुदा झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात तो कशाबद्दल आहे ते एक-दोन शब्दांत लिहिते. एका अंकाला समासात असं उतरलं: स्नेहमेळावा, देणगीदारांचे आभार, निवृत्त झालेल्या बाई, प्रयोगशाळा, वर्गणी. सातशे शब्द आणि पाच विषय!

मग पाहिलं, यातल्या कशाबद्दल वाचणारा येत्या महिन्यात स्वतः काही करू शकतो? मेळावा होऊन गेला होता, वर्गणीला चौकट पुरते. उरली प्रयोगशाळा. ‘शाळेची प्रगती’ असा विषय धरू नका, त्यात काहीही मावतं. विषय क्रियापदासकट पूर्ण वाक्यात लिहा. माझं वाक्य होतं, ‘नववीच्या प्रत्येक मुलाला कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी नीट बघता यावी म्हणून आणखी सहा सूक्ष्मदर्शक हवेत.’ या वाक्याला जे धरून नव्हतं ते काढलं. आभारांची यादी तिसऱ्या पानावर गेली, आणि बाईंवर स्वतंत्र लेख केला. एका परिच्छेदात उरकण्यासारखं त्यांचं काम नव्हतंच.

सुरुवात बहुधा आपण आधीच लिहिलेली असते, फक्त ती तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. माझा मसुदा ‘सप्रेम नमस्कार, नववर्षाच्या शुभेच्छा’ असा सुरू होत होता. तो परिच्छेद अख्खा उडवला आणि खालचं हे वर आणलं: ‘५२ मुलं, दोन सूक्ष्मदर्शक, ३५ मिनिटांची तासिका. प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिटही नाही. भिंगाचा फोकस जुळेपर्यंत पुढचा नंबर लागतो.’ अंक व्हॉट्सअ‍ॅपवर बॅचच्या ग्रुपमध्ये जातो. तिथे पीडीएफसोबत मी हीच वाक्यं टाकते, म्हणजे न उघडणाऱ्यालाही विषय कळतो.

आवाहनात मी सर्वांत जास्त चुका केल्या आहेत. ‘यथाशक्ती सहकार्य करावे’ यात किती, कुणाला, कधीपर्यंत, काहीच नाही. त्याऐवजी लिहिलं: ‘एका सूक्ष्मदर्शकाला ४,५०० रुपये लागतात. आपल्या बॅचतर्फे एक द्या; ३० जण जमले तर माणशी १५०. बॅचमधल्या एकाने ३१ जानेवारीपर्यंत खजिनदारांना फोन करून नाव नोंदवावं.’ खाली खजिनदारांचा नंबर. पहिल्या खर्ड्यात याच परिच्छेदात वर्गणीचीही आठवण होती, ती काढली. दोन कामं सांगितली की माणूस दोन्ही पुढे ढकलतो. देणगीवरच्या करसवलतीच्या पावतीचा तपशीलही चौकटीतच ठेवा.

पदाधिकारी आपलाही उल्लेख हवा म्हणतील. त्यांना ‘अध्यक्षांचे मनोगत’ असं वेगळं सदर द्या. छापण्याआधी संपादकीय दुसऱ्या बॅचच्या कुणाला तरी वाचायला देऊन विचारा, ‘तुला काय करायला सांगितलंय?’ उत्तर एका वाक्यात आलं नाही, तर शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहा.