शब्दचर्चा: 'सीमलेस रिपीट' आणि 'हाफ-ड्रॉप' मराठीत कसं म्हणावं?

प्रश्न: छापील कापडाच्या डिझाइनवरचा मजकूर मराठीत आणतेय. 'सीमलेस रिपीट'ला 'शिवणरहित पुनरावृत्ती' आणि 'हाफ-ड्रॉप'ला 'अर्धपतन' लिहिलंय, पण वाचताना खटकतं. 'मोटिफ'चा 'स्केल' याला तर शब्दच सापडत नाही.

उत्तर: 'शिवणरहित' आधी काढून टाका. कापडाच्या संदर्भात शिवण म्हटलं की सुई-दोराच डोळ्यांपुढे येतो, आणि इथे तर शिवणीचा संबंधच नाही. नक्षीचा एक तुकडा संपून तोच पुन्हा सुरू होतो ती जागा कळू नये, एवढंच सांगायचंय. त्यासाठी आपल्याकडे 'बेमालूम' हा नेमका शब्द आहे. पुनरावृत्तीपेक्षा मला 'आवर्तन' आवडतं. पुनरावृत्तीत 'तेच ते पुन्हा' असा कंटाळ्याचा सूर लागतो. आवर्तन मात्र तालातलं असतं, ठरलेल्या अंतरानं समेवर येणारं. म्हणून 'बेमालूम आवर्तन'. बोलताना 'रिपीट' म्हणायलाही काहीच हरकत नाही.

'हाफ-ड्रॉप'साठी शब्द ठरवण्याआधी ते कापडावर कसं दिसतं ते पाहू. समजा, आवर्तनाचा चौकोन 20 सेंमी रुंद आणि 32 सेंमी उंच आहे, आणि त्यात एकच मोठं फूल आहे. साध्या मांडणीत चौकोनाशेजारी चौकोन एकाच पातळीत बसतो. त्यामुळे दर 20 सेंमीवर त्याच उंचीला फूल येतं आणि लांबून पाहिलं की कापडावर आडव्या रांगा दिसतात. हाफ-ड्रॉपमध्ये शेजारचा उभा पट्टा निम्म्या उंचीनं, म्हणजे 16 सेंमी, खाली सरकतो. आता त्याच उंचीवरचं पुढचं फूल 40 सेंमीवर जातं, तर सगळ्यात जवळचं फूल तिरकं, साधारण साडेपंचवीस सेंमीवर. तुकडा तोच असूनही फुलं जास्त सारखी पसरतात आणि डोळ्याला रांग सापडत नाही.

हे पाहिलं की 'पतन' का खटकतं ते लगेच कळतं. पट्टा पडत नाही, सरकतो. 'अर्धउतार' म्हणावं तर पट्टा कललाय असं वाटेल. मी 'अर्धसरक मांडणी' लिहीन आणि साध्या मांडणीला 'सरळ मांडणी'. 'अर्धसरक' हा माझा घडवलेला शब्द आहे, पण पहिल्या वाचनात अर्थ लागतो. आडव्या ओळी निम्म्यानं सरकतात तेव्हा मात्र 'वीटबांधणी' म्हणा. गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तशीच ही रचना.

'सरक' शब्दाचा आणखी एक फायदा म्हणजे नेहमीची चूक त्यानं टळते. सरळ मांडणीत उजव्या कडेला कापलं गेलेलं पान डाव्या कडेला त्याच उंचीवर पुढे सुरू होतं. अर्धसरकीत तसं नसतं. आपल्या 32 सेंमी उंच चौकोनात ते वरून 5 सेंमीवर कापलं गेलं, तर उरलेला भाग डाव्या कडेला 21 सेंमीवर काढायचा. सवयीनं तो 5 सेंमीवरच ठेवला की कापडभर दर 20 सेंमीवर एका उभ्या रेषेत अर्धी पानं दिसतात. तुमच्या मजकुरात हे वाक्य हमखास असेल. तिथे 'समोरच्या कडेला' एवढंच लिहू नका, 'समोरच्या कडेला, निम्मी उंची सोडून' असं लिहा. तपासायला तीन-तीन चौकोनांची जुळणी करून लांबून, डोळे किलकिले करून पाहतात. सरळ मांडणीत रांगा आणि अर्धसरकीत तिरके 'रस्ते' दिसले, तर दोष बहुधा त्या रेषांवरच्या मोकळ्या जागेत असतो. तिथे एखादी डहाळी घातली की रस्ता मोडतो.

आता 'स्केल'. 'प्रमाण' लिहिलं तर पुरावा, मात्रा, गुणोत्तर, सगळंच डोक्यात येतं. 'मोटिफ'ला 'आकृतिबंध'ही नको, तो शब्द साहित्यसमीक्षेत रुळलाय. मराठीनं ही सोय लिंगातच करून ठेवली आहे: बारीक ती बुट्टी, मोठा तो बुट्टा; जशी दोरी आणि दोर. म्हणून 'बुट्ट्याचं माप' लिहा. फक्त आवर्तनाचं माप आणि बुट्ट्याचं माप वेगळं ठेवा, कारण 32 सेंमीच्या आवर्तनात दोन-दोन सेंमीच्या बुट्ट्या विखुरलेल्या असू शकतात. बुट्ट्याचं माप ठरतं ते कापड कापल्यावर उरणाऱ्या तुकड्यावरून. सात सेंमी रुंदीच्या कॉलरवर बारा सेंमीचं फूल कधीच पूर्ण दिसणार नाही, तेच पडद्यावर खुलेल. बारीक, दाट बुट्टीला सरळ मांडणीही पुरते. बुट्टा मोठा आणि भोवती जागा मोकळी असेल, तेव्हा अर्धसरक लागतेच.