तीस पानं, दोन बर्नर आणि खापरावरचे मांडे

“काकू, वैशाखात अमळनेरला आमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. दुपारच्या जेवणाला तीस पाहुणे. सासूबाई म्हणतात, आचारी नको, घरच्या घरी करू. त्यांना खापरावरची पुरणपोळी, भरीत आणि वरण-बट्टी सगळंच हवंय. घरात करणाऱ्या आम्ही तिघी, दोन बर्नरची शेगडी आणि मागे अंगणात एक चूल. नाही म्हटलं तर वाईट होईल. कसं जमवू?”

पोरी, नाही म्हणू नकोस, हिशेब मांड. खापरावरचा मांडा हातावर फिरवत मोठा करायचा, अलगद खापरावर टाकायचा, उलटायचा. हात बसलेल्या बाईलाही एकाला तीन मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येकी एक धरला तरी दीड तास एक बाई आणि एक चूल तिथेच अडकली, तेही नेमकं पानं वाढायच्या वेळी. बट्टीचंही तसंच, ती आयत्या वेळी तळायची. ऐन वेळचं काम एकच असावं, दोन झाली की पंगत ताटकळते.

म्हणून मांडे फक्त नैवेद्यापुरते पाच कर. पाव किलो हरभऱ्याच्या डाळीचं पुरण पुरतं. ते सासूबाईंनीच सकाळी थंड वेळेला चुलीवर करावेत. त्यांचा मान राहतो आणि नऊला चूल मोकळी होते. भरिताची वांगी थंडीतली, वैशाखात ती चव नाही. शिवाय नव्या चुन्याच्या भिंतींना वांगी भाजल्याचा धूर कशाला? त्याऐवजी घोटलेली वांग्याची भाजी कर, बट्टीबरोबर तीच शोभते. गोडाला सव्वा किलो रव्याचा शिरा. वर भात, लोणचं, कांदा. बस.

बट्टीचं पीठ चार किलो धर: तीन वाट्या जाडसर गव्हाला एक वाटी मका. दळण आधी आणून ठेव. पहाटे साडेपाचला मीठ, हळद, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट भिजव. सोडा चिमूटभरच. जास्त झाला तर बट्टी तळताना तेल पिते, हातात घेतली की बोटं तेलकट होतात. अर्ध्या तासाने जाड वळकट्या करून मोठ्या पातेल्यात चाळणीवर उकड, एका घाण्याला पाऊण तास. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली की झालं. मग पूर्ण गार होऊ दे. घाईने गरम कापलीस तर सुरीला चिकटेल आणि कडा भुगा होतील. आदल्या रात्री उकडून ठेवू, असं कोणी सुचवेल. वैशाखातल्या खान्देशी उकाड्यात ते करू नकोस, वरणही नाही.

उकडण एका बर्नरवर चालू असताना दुसऱ्यावर शिरा होऊ दे. मात्र नव्या घरात दूध उतू घालायला गुरुजी एक बर्नर मागतील, ती वेळ त्यांना आधीच विचार. वाढण्याआधी शिऱ्यावर गरम दुधाचा हबका मारून झाकलंस की तो पुन्हा मऊ होतो.

तूरडाळ दोन किलो. पाच लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी अर्धा किलोच, नाहीतर डाळ वर येऊन शिट्टी तुंबते. म्हणजे चार फेऱ्या. साडेआठला सुरू केलंस तर साडेदहापर्यंत उरकतं. पहिल्या फेरीतली वाटीभर डाळ फोडणी न घालता नैवेद्याला काढ. वरण ठेवल्यावर घट्ट होतंच, सैल करायला उकळतं पाणीच घाल.

चूल मोकळी झाली की चार किलो वांगी तिच्यावर चढव. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात ठेव, नाहीतर काळी पडतात. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून शिजव आणि घोट. ही भाजी तासभर बसली की उलट चवीला येते, म्हणून अकरापर्यंत उतरवलीस तरी चालतं. दीड किलो तांदळाचा भात साडेबाराला.

एक वाजता पंधरा जणांची पहिली पंगत. पानं मांडली जात असताना तेल तापव. बट्टीचा तुकडा टाकल्यावर तो लगेच बुडबुड्यांसह वर आला पाहिजे, तळाशी बसला तर तेल थंड आहे. आतून ती शिजलेलीच आहे, फक्त कडा लालसर कुरकुरीत व्हायला हव्यात. अर्धी बट्टी या पंगतीला, अर्धी न तळता झाकून दुसऱ्या पंगतीला. अर्ध्या तासात तळलेली बट्टी चिवट होते, म्हणून एकदम सगळी तळून मोकळं व्हायचा मोह आवर. तूप किलोभर तरी हवं आणि ते वाढायला हात सैल असलेला माणूस बसव, आमच्याकडे त्यावरूनच जेवण जोखतात.

आणि दहा-बारा वळकट्या तुम्हा तिघींसाठी वेगळ्या झाक. सगळे उठल्यावर ताज्या तळून घ्या.