पासपोर्टच्या स्लाइडवर यादीपेक्षा पत्ता आणि नाव

प्रश्न : पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्यांसाठी कॅरोसेल बनवतेय. कागदपत्रांच्या स्लाइडवर नेमकं काय लिहू? आणि उशीर बहुतेकदा कशामुळे होतो?

टप्पे दोन स्लाइडमध्ये उरका. passportindia.gov.in वर नोंदणी, फॉर्म, फी (३६ पानी साध्या पासपोर्टला १५०० रुपये), अपॉइंटमेंट, मग सेवा केंद्रात ए, बी, सी ही तीन काउंटर, पोलिस पडताळणी आणि शेवटी स्पीड पोस्ट. वेबसाइटचा पत्ता मात्र ठळक लिहा, हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे उकळतात.

कागदपत्रांच्या स्लाइडवर लांबलचक यादी नको. जन्मतारखेचा पुरावा, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि दहावीचं प्रमाणपत्र, एवढंच. दहावी अशासाठी की तिच्यामुळे नॉन-ईसीआर पासपोर्ट मिळतो. नाहीतर काही देशांत नोकरीला जाताना आधी परवानगी काढावी लागते. सगळ्याच्या मूळ प्रती न्यायच्या, झेरॉक्सवर स्वतःची सही करायची. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्मदाखलाच लागतो, हे तळाशी बारीक अक्षरात टाका.

उशिराच्या स्लाइडवर मी दोनच गोष्टी ठेवेन. लोकांचे फॉर्म भरून देताना मला सारखे भेटणारे घोळ हेच.

पहिला घोळ नावाचा. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं : पाटील स्नेहा रमेश. फॉर्ममध्ये Given Name च्या रकान्यात ‘स्नेहा रमेश’ आणि Surname मध्ये फक्त ‘पाटील’. बरेच जण प्रमाणपत्रावर आहे त्याच क्रमाने उतरवतात आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जातं. त्यात आधारवर Dipak आणि दहावीला Deepak असेल, तर स्पेलिंग आधी एकसारखं करून घ्या, मग अर्ज करा. काउंटरवर समजावून भागत नाही, फाइल अडकते.

दुसरा घोळ पत्त्याचा, आणि तो जास्त महागात पडतो. समजा, ही स्नेहा पुण्यात शिकते आणि आधार लातूरचं आहे. पुरावा तिथलाच म्हणून तिने सध्याचा पत्ता लातूर लिहिला. पोलिस लातूरला चौकशी करणार, घरचे म्हणणार ‘ती तर पुण्यात असते’, आणि ‘पत्त्यावर राहत नाही’ असा प्रतिकूल शेरा जाणार. सध्याचा पत्ता म्हणजे आज जिथे राहता तो. तिने पुण्याचा लिहावा, पुरावा म्हणून कॉलेजचं बोनाफाईड जोडावं, लातूर कायमच्या पत्त्यात जाऊ द्यावं.

शेरा पडलाच, तर लगेच नवा अर्ज भरू नका. जुन्या अर्जाचा फाइल नंबर घेऊन विभागीय पासपोर्ट कार्यालयात जा, खुलासा द्या आणि पुन्हा पडताळणी मागा.