वेळ लावलेल्या पेपरमध्ये उत्तरांवर पुन्हा पुन्हा शंका येते, ती कशी थांबवू?

"बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. गणित येतं, पण उत्तर टिक केल्यावर मन खातं, परत जातो, बदलतो. घरी येऊन पाहिलं की पहिलंच बरोबर होतं. सगळे म्हणतात पहिलं उत्तर बदलूच नको. हे खरं आहे का? शंका थांबवायची कशी?"

मी जळगावात राहून हीच तयारी करतो. माझ्याबरोबर अभ्यासिकेत बसणारा चोपड्याकडचा एक मित्र आहे, त्याची अगदी हीच गत होती. मॉक संपला की खुर्ची मागे सरकवून तो म्हणायचा, "पहिलं बरोबर व्हतं ना भो!" दर मॉकला हे ऐकून ऐकून शेवटी मी त्याच्या रफ कागदांचा हिशोब मांडला आणि त्याला एक लांबलचक मेसेज लिहिला. तुमच्यासाठी त्यातलंच सांगतो.

आधी त्या "बदलूच नको"बद्दल. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडाखोडीच्या खुणा मोजल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबर झाली होती आणि २५ टक्के बरोबरवरून चुकीची. बाकीची चुकीवरून दुसऱ्या चुकीवर गेली होती. म्हणजे एकूण पाहता बदलण्याने फायदाच झाला. मग उलटं का वाटतं? हातातलं बरोबर उत्तर आपणच घालवलं ही गोष्ट जिव्हारी लागते, म्हणून ती लक्षात राहते. बदलून मिळालेला मार्क मात्र कोणी आठवत बसत नाही. माझ्या मित्राला बरोबर उत्तर घालवल्याचे सात प्रसंग तोंडपाठ होते, उलटे नऊ होते त्यातला एकही आठवत नव्हता.

हे सात आणि नऊ कुठून आले ते सांगतो, कारण खरं उत्तर तिथेच आहे. सहा मॉकमध्ये त्याने फक्त गणिताच्या सेक्शनसाठी एक सवय लावली. ज्या प्रश्नाकडे तो परत गेला त्याचा नंबर, पहिलं उत्तर, दुसरं उत्तर, आणि पुढे एक अक्षर. चूक नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता आलं तर "क", म्हणजे कारण. नुसतं वाटलं म्हणून परत गेला तर "भ", म्हणजे भीती. अक्षर त्याच क्षणी लिहायचं, पेपर झाल्यावर नाही. निकाल कळल्यावर प्रत्येक बदलाला आपण कारण चिकटवतो. पहिल्या दोन मॉकमध्ये तो लिहायला विसरायचा, म्हणून ते मोजले नाहीत. त्यापुढचे सहा मोजले.

सहा मॉकमध्ये तो ५२ प्रश्नांवर परत गेला होता. त्यातल्या ३१ प्रश्नांत त्याने काहीच बदललं नाही, तेच उत्तर ठेवून पुढे आला. बदलली फक्त २१. त्यातली नऊ चुकीवरून बरोबर, सात बरोबरवरून चुकीची, पाच चुकीवरून चुकीची. नऊ चांगल्या बदलांपैकी आठांपुढे "क" होतं. सात वाईट बदलांपैकी सहांपुढे "भ". तो कागद त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

मेसेजमध्ये मी त्याला असं लिहिलं होतं:

"तू उत्तर बदलतोस हे तुझं दुखणं नाही. तू विनाकारण परत जातोस हे दुखणं आहे. मॉकच्या विश्लेषणात दर प्रश्नाला किती वेळ गेला ते दिसतं, ते बघ. परतीच्या एका फेरीला तुझे साधारण २५ सेकंद जातात. ५२ फेऱ्यांचे झाले १३०० सेकंद, म्हणजे साडेएकवीस मिनिटांच्या वर. बँकेच्या बऱ्याच परीक्षांत प्रिलिमला गणिताचे ३५ प्रश्न आणि २० मिनिटं असतात. सहा मॉकमधला एक अख्खा सेक्शन तू शंकेत घालवलास. आणि दर वेळी शेवटचे सात-आठ प्रश्न तू वाचलेसुद्धा नव्हतेस, त्यात दोन-तीन सोपे होते. बदलून गेलेले मार्क तुला दिसतात, हे गेलेले दिसत नाहीत."

नियम एवढाच निघाला: "क" लिहिता आलं तरच हात लावायचा. पण "क" म्हणजे काय ते नीट ठरवावं लागतं, नाहीतर भीतीच कारणाचं सोंग घेऊन येते. दोन प्रश्न त्याच्याच कागदावरचे सांगतो.

पहिला प्रश्न असा. छापील किमतीवर २० टक्के सूट देऊनही दुकानदाराला २० टक्के नफा होतो, तर छापील किंमत खरेदीपेक्षा शेकडा किती जास्त? त्याने १२० भागिले ०.८ करून १५० काढले आणि ५० टक्के टिक केलं. दहा सेकंदांत झालं, म्हणूनच शंका आली. इतकं सोपं असेल का? पर्यायांत ४० होतं, वीस आणि वीस चाळीस हे डोळ्यांना बरं दिसतं. परत गेला, तेच गणित तसंच पुन्हा केलं, पुन्हा ५० आलं, तरी पटेना आणि शेवटी ४० केलं. इथे कारण कुठेच नव्हतं. "सोपं वाटलं" हे कारण नाही. "सलग तीन उत्तरं बी आली" हेही कारण नाही. "दुसरा पर्याय जास्त बरा वाटतो" हे तर नाहीच.

त्याने तपासायला हवं होतं ते उत्तराकडून मागे येऊन. खरेदी १०० धरा, छापील १५० धरा. दीडशेचे २० टक्के ३०, उरले १२०. शंभरावर वीस नफा. संपलं. पाच सेकंद लागतात आणि शंका जागेवर मरते. ४० घालून पाहिलं असतं तर १४० मधून २८ गेले, उरले ११२, नफा १२, म्हणजे तो पर्याय तिथेच बाद. तेच गणित त्याच वाटेने पुन्हा केलं की पहिल्यांदा केलेली चूक दुसऱ्यांदाही होते, आणि चूक नसेल तरी मनाला भरवसा येत नाही, कारण नवीन काही कळलेलंच नसतं. म्हणून तपासायचं तर वाट बदलून. टक्केवारी, नफा-तोटा, वय, समीकरणं या सगळ्यांत पर्याय प्रश्नात घालून पाहता येतो. पहिलं उत्तर टिक करतानाच ही पाच सेकंदं खर्च करा, मग परत यावं लागत नाही.

दुसरा प्रश्न: १२ माणसं एक काम १५ दिवसांत करतात. तीन माणसं आलीच नाहीत तर किती दिवस जास्त लागतील? बारा पंधरे एकशे ऐंशी, भागिले नऊ, वीस. पर्यायांत २० होतंच, त्याने टिक केलं. पुढच्या प्रश्नावर असताना त्याच्या लक्षात आलं की "जास्त" विचारलंय. परत जाऊन ५ केलं. हा बदल शंभर टक्के योग्य. त्याला एक शब्द दाखवता आला आणि त्या शब्दाने उत्तर कसं बदलतं तेही सांगता आलं. पेपर काढणारे अर्ध्या वाटेवरचं उत्तर पर्यायांत मुद्दाम ठेवतात. आता तो आकडेमोड सुरू करायच्या आधी रफ कागदावर एकच शब्द लिहितो, "जास्त", "किमान", "नाही", "तास", जे विचारलं असेल ते. त्याच्या आठ "क"पैकी पाच असल्याच वाचनाच्या चुका होत्या, त्या आता टिक करण्याआधीच सापडतात.

पण खरोखर खात्री नसलेल्या प्रश्नांचं काय? ती खूण त्याच क्षणी करायची. २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दर उत्तराबरोबर "माहीत आहे" की "अंदाज" तेही नोंदवायला लावलं होतं, आणि कोणतं उत्तर फिरवावं हे ठरवायला तीच नोंद कामी आली. अर्ध्या तासाने "मला त्या प्रश्नाची खात्री होती का" हे आठवायला गेलं तर स्मरण दगा देतं. संगणकावरच्या पेपरमध्ये यासाठी बटण असतं. खात्री असेल तर Save & Next आणि त्या प्रश्नाशी आपला संबंध संपला. अंदाज असेल तर उत्तर निवडून Mark for Review & Next. अनेक परीक्षांत असं निवडून ठेवलेलं उत्तर धरलं जातं, तरी सुरुवातीच्या सूचनांत ते वाचूनच घ्या. मग शेवटच्या दोन मिनिटांत फक्त खूण केलेल्या प्रश्नांकडे जायचं, तेही सगळे प्रश्न एकदा वाचून झाले असतील तरच. हिरव्या झालेल्या नंबरवर क्लिक करायचं नाही. माझ्या मित्राला हे सर्वांत जड गेलं. पहिले काही दिवस तो मॉक देताना डावा हात मांडीखाली धरून बसायचा.

निगेटिव्ह मार्किंगचाही हिशोब डोक्यात असू द्या. चुकीला पाव मार्क जात असेल, तर बरोबर उत्तर चुकीचं केल्यावर एक नाही, सव्वा मार्क जातो. उलट बदलात सव्वा मिळतो. त्याच्या नऊ आणि सात बदलांची वजाबाकी सहा मॉकमध्ये मिळून फक्त अडीच मार्क होते. साडेएकवीस मिनिटांपुढे अडीच मार्क.

चुकीवरून चुकीवर गेलेल्या पाच उत्तरांना यातलं काहीच लागू होत नाही. त्याची पाचपैकी चार संभाव्यतेची निघाली. तिथे शंका खरी होती, त्याला ते प्रकरण येतच नव्हतं. त्यावर आठ दिवस प्रकरण करणं हाच इलाज होता, आणि ते होईपर्यंत पेपरात ते प्रश्न सोडून द्यायचं ठरलं. तुमच्याही कागदावर एकाच प्रकरणाचे नंबर पुन्हा पुन्हा दिसले तर पुस्तक उघडा.

तुम्ही बँकेबरोबर एमपीएससी किंवा पोलीस भरतीही देत असाल तर एक फरक लक्षात ठेवा. तिथे ओएमआर असते, बॉलपेनने काळा केलेला गोल परत पांढरा होत नाही. म्हणून सगळी शंका गोल भरायच्या आधी मिटवायची. प्रश्नपत्रिकेवर पर्यायाला खूण करा, अंदाजाच्या प्रश्नापुढे टिंब द्या, आणि एक पान पूर्ण झालं की त्या पानाचे गोल भरा. टिंबवाले तेवढे मागे ठेवा आणि त्यांचे गोल शेवटची पंधरा मिनिटं उरली की भरायला घ्या. तेव्हा भरताना नंबर मात्र बोट ठेवून मोजा, कारण मधले गोल रिकामे सोडल्यावर एक ओळ सरकली तर खालची सगळीच सरकतात.